तपासणीच्या दिवशी प्रेशर १७, मग बाकीच्या दिवशी?

वाचकाचं पत्र

मी मुलुंडला राहते, वय ५२, दुपारच्या शाळेत शिकवते. सव्वा वर्षापूर्वी चष्म्याचा नंबर काढायला गेले आणि उजव्या डोळ्यात काचबिंदू निघाला. डोळ्याचं प्रेशर २७ होतं. तेव्हापासून त्या डोळ्यात रोज रात्री झोपताना लॅटानोप्रॉस्टचा एक थेंब घालायला सांगितलाय. डावा डोळा अजून ठीक आहे, त्यात काही नाही.

आता उजव्या पापणीचे केस डाव्यापेक्षा चांगलेच लांब आणि काळे झालेत. स्टाफरूममध्ये विचारतात, ‘एकाच डोळ्याला मस्करा का?’ त्यातून माझे डोळे घारे. औषधाच्या कागदावर वाचलं की बुबुळाचा रंगही बदलतो. डिसेंबरमध्ये मुलीचं लग्न आहे. म्हणून मी आठवड्यातून तीन-चार रात्री थेंब घालतच नाही. काही वेळा खरंच विसरते, दमून झोप लागते. मग सकाळी घालते, किंवा दुसऱ्या रात्री दोन थेंब. तपासणीच्या आधी पाच-सहा दिवस मात्र रोज घालते आणि प्रेशर १७ येतं. म्हणजे रोज घालायची गरज नसावी ना? पण या वेळी नजरेचा आवाका मोजणाऱ्या फील्ड टेस्टमध्ये थोडा फरक आला आणि डॉक्टर दुसरं औषध जोडायचं म्हणताहेत. मी त्यांना काही सांगितलेलं नाही. लग्नापर्यंत थेंब बंद ठेवले तर पापण्या आणि रंग पहिल्यासारखे होतील का? औषध वाया जात नाहीये, बाटली तीन महिने पुरते.

उत्तर

ताई,

ते १७ खरंच आहे, पण ते तुमच्या डोळ्याचं प्रेशर नसून त्या आठवड्याचं प्रेशर आहे.

लॅटानोप्रॉस्ट काय करतं, तेवढं आधी बघू. डोळ्याच्या आत सतत एक पाणी तयार होत असतं आणि सतत बाहेर जात असतं. काचबिंदूत बहुतेक वेळा ते बाहेर पडण्याची मुख्य वाट अडते. या औषधाने ती वाट मोकळी होत नाही. बुबुळाच्या मागे जो स्नायू आहे, त्याच्या तंतूंमधून पाणी झिरपून जायची एक दुसरी, बाजूची वाट असते, ती हे औषध सैल करतं. थेंब घातल्यावर तीन-चार तासांत प्रेशर उतरायला लागतं, आठ ते बारा तासांनी सगळ्यात खाली येतं आणि तो परिणाम २४ तास टिकतो. थेंब थांबवला की वाट हळूहळू पुन्हा आवळत जाते. पूर्ण परिणाम जायला काही आठवडेही लागू शकतात, म्हणूनच औषधांच्या चाचण्यांत हे औषध अंगातून निघून जावं म्हणून साधारण चार आठवड्यांचं अंतर ठेवतात.

आता तुमचं वेळापत्रक यावर ठेवून बघा. पाच-सहा रात्री ओळीने थेंब पडले की सहाव्या सकाळी ओपीडीत प्रेशर उतरलेलंच सापडणार, त्यात नवल नाही. उलट औषध तुमच्या डोळ्याला चांगलं लागू पडतंय, एवढंच त्यातून कळतं. २७ वरून १७ म्हणजे जवळजवळ ३७ टक्के घट झाली. या औषधाने साधारण २५ ते ३३ टक्के घट मिळते, म्हणजे तुम्हाला सरासरीहून थोडी जास्तच मिळाली. पण तपासणी झाल्यावर तुम्ही पुन्हा आठवड्याला तीन-चार रात्रींवर येता. त्या मधल्या महिन्यांत प्रेशर १९ असतं, २२ असतं की २५ ला जाऊन येतं, हे कोणी मोजलेलंच नाही. ‘रोज घालायची गरज नसावी’ हा निष्कर्ष तुम्ही ज्या आकड्यावरून काढलात, तो आकडा रोज घातल्याचा आहे.

हे करणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. लॅटानोप्रॉस्टच्याच जातीच्या एका औषधाच्या बाटलीला नोंद ठेवणारं यंत्र लावून अमेरिकेत एक पाहणी झाली, २००९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. औषध फुकट दिलेलं होतं, दिवसातून एकदाच घालायचं होतं आणि आपल्यावर लक्ष आहे हे लोकांना माहीत होतं. तरीही सरासरी सत्तर टक्क्यांच्या आसपासच थेंब पडले. आणि तपासणीची तारीख जवळ आली की आकडा वर चढायचा. आमच्याकडे ओपीडीत ‘ड्रॉप्स रोज चालू आहेत ना?’ विचारलं की मान हलते, तेव्हा मला ती पाहणी आठवते. विचारण्याची ही पद्धतही चुकीचीच आहे म्हणा. ‘ना’ लावून विचारलेल्या प्रश्नाला कोण नाही म्हणेल?

आता तुमच्या डॉक्टरांच्या टेबलावरून बघू. त्यांच्यासमोर तुमची फाइल आहे. पहिलं प्रेशर २७. नंतर थेंब सुरू, प्रेशर १७. पुढच्या वेळी पुन्हा १७. आणि आता फील्ड टेस्टमध्ये काही ठिपके नव्याने फिके दिसताहेत. तुम्ही थेंब रोज घालता असं ते धरून चालले आहेत. मग त्यांचा तर्क सरळ आहे: या डोळ्याच्या नसेला १७ सुद्धा झेपत नाहीये, हिला १४ च्या खाली न्यायला हवं. म्हणून दुसरं औषध. त्यानेही भागलं नाही तर पुढे लेझर, मग कदाचित शस्त्रक्रिया. यातली प्रत्येक पायरी वैद्यकीय दृष्टीने बरोबर आहे, फक्त ती चुकीच्या माहितीवर उभी आहे. तुमच्या नसेने १७ सहन केलं नाही असं झालेलंच नाही. तिला १७ मिळालं ते तपासणीच्या आधीच्या आठवड्यात. बाकी वेळ ती बहुधा त्याहून वरच्या दाबाखाली होती.

हे कळलं तर डॉक्टर बहुधा वेगळं करतील. तीन-चार महिने एकच औषध नीट घालायला सांगतील आणि फील्ड टेस्ट पुन्हा करतील. ती टेस्ट मुळात लहरी असते. दमलेल्या दिवशी, झोप नीट झाली नसेल तर, बटण दाबायला उशीर झाला तर ठिपके उगाच फिके येतात. एका टेस्टवरून बिघाड पक्का ठरत नाही, तो पुन्हा तिथेच दिसावा लागतो. म्हणजे तुम्हाला दुसरं औषध लागेलच असं नाही. पण हे ठरवायला डॉक्टरांना खरा हिशेब हवा.

म्हणून माझा पहिला सल्ला औषधाबद्दलचा नाही. पुढच्या तारखेची वाट न बघता भेट घ्या आणि सांगा: ‘गेले काही महिने मी आठवड्याला तीन-चार थेंबच घातलेत, तपासणीच्या आधी मात्र रोज घालते. कारण पापणीचे केस आणि रंग.’ दोन वाक्यं पुरे. ओरडा बसला तर बसू दे, तो दोन मिनिटांत संपतो. सांगायला संकोच वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून फाइलला टाचा. असे पेशंट आम्हाला रोज भेटतात, तुम्ही समजता तेवढा धक्का कोणाला बसत नाही.

थेंब चुकल्याने डोळ्याला काही जाणवत नाही, हीच यातली मोठी अडचण आहे. मधुमेहाची गोळी चुकली तर साखर मोजून कळते, दम्याचा पंप चुकला तर छाती सांगते. प्रेशर २४ ला असताना तुम्ही फळ्यावर लिहाल, वह्या तपासाल, काहीही वेगळं दिसणार नाही. काचबिंदूत नजर कडेकडेने, तुकड्यातुकड्याने जाते आणि दुसरा डोळा ती पोकळी भरून काढतो. तुमचा डावा चांगला आहे, त्यामुळे उजव्यातलं गेलेलं तुम्हाला फार उशिरा समजेल. आणि नसेचे जे तंतू गेले ते परत येत नाहीत. प्रेशर उतरवून फक्त उरलेले सांभाळता येतात.

थेंब घालून नेमकं किती वाचतं? ब्रिटनमध्ये याच औषधाची थेट चाचणी झाली आणि २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ती छापून आली. नव्याने काचबिंदू निघालेले ५१६ रुग्ण होते, अर्ध्यांना लॅटानोप्रॉस्ट आणि अर्ध्यांना औषध नसलेले दिसायला तसेच थेंब. दोन वर्षांत, औषध नसलेल्यांपैकी साधारण चारांतल्या एकाची फील्ड बिघडली, औषधवाल्यांत साधारण सातांतल्या एकाची. म्हणजे औषध घेऊनही काहींचं बिघडतं, हे मी लपवत नाही. पण फरक मोठा आहे, आणि तो रोजच्या एका थेंबाचा आहे.

आता पापण्या. लांब, दाट, काळे केस हा या औषधाचा नेहमीचा परिणाम आहे. याच कुळातलं बिमॅटोप्रॉस्ट नावाचं औषध तर अमेरिकेत २००८ पासून पापण्यांचे केस वाढवायलाच मान्य आहे, बायका पैसे देऊन लावतात. तुम्हाला खटकतंय ते केस वाढल्यामुळे नव्हे, एकाच बाजूला वाढल्यामुळे. तुमच्या वैतागाला मी हसणार नाही. चेहऱ्याच्या दोन बाजू वेगळ्या दिसणं आरशात रोज टोचतं.

पण तुमच्या गणितात एक चूक आहे. पापणीच्या केसाचं चक्र महिन्यांचं असतं. वाढलेला केस गळून त्या जागी साधा केस यायला कित्येक महिने जातात. औषध पूर्ण बंद केलं तरी पापण्या हळूहळूच मूळ पदावर येतात, आणि येतात हे खरं. आठवड्यातल्या तीन रात्री वगळून मात्र केसांच्या मुळांना काही फरक पडत नाही, उरलेल्या चार रात्रींचं औषध त्यांना पुरतं. नुकसान होतं ते फक्त प्रेशरचं. म्हणजे आज तुमच्याकडे लांब पापण्याही आहेत आणि वर चढलेलं प्रेशरही. लग्नासाठी दोन महिने बंद ठेवलंत तरी डिसेंबरच्या फोटोत पापण्या जवळपास अशाच असतील.

केस आणि पापणीची कातडी यांच्यासाठी एक गोष्ट मात्र खरोखर उपयोगी आहे, आणि ती कोणी नीट सांगत नाही. डोळ्यात मावतं एका थेंबापेक्षाही कमी. बाकीचं बाहेर ओघळतं, केसांच्या मुळाशी बसतं, आणि झोपताना घातलं असेल तर रात्रभर तिथेच राहतं. म्हणून थेंब पडल्यावर डोळा अलगद मिटा, नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरा, आणि मिटलेल्या डोळ्यावरून स्वच्छ टिश्यूने किंवा कापसाने बाहेर आलेलं सगळं टिपून घ्या. पाचेक मिनिटांनी डोळा मिटूनच तोंड धुवा. याने आहेत ते केस आखूड होणार नाहीत, पण कातडी काळवंडणं आणि खालच्या पापणीजवळ लव वाढणं कमी होतं. दोन थेंब घातल्या रात्री तुम्ही नेमकं उलट करता. दुसरा थेंब डोळ्यात राहतच नाही, तो सगळा पापणीला आणि गालाला मिळतो.

लग्नाच्या दिवसासाठी डाव्या पापणीला मस्करा लावून दोन्ही बाजू सारख्या करता येतील. पार्लरवालीला सांगा की उजव्या डोळ्यात औषध असतं, तिथे खोट्या पापण्यांचा गोंद नको. रात्री मेकअप पूर्ण काढल्यावरच थेंब घाला. कॉन्टॅक्ट लेन्स लावणार असाल तर थेंबाआधी काढा आणि किमान १५ मिनिटांनी लावा, कारण औषधातलं जंतुरोधक लेन्समध्ये शोषलं जातं.

बुबुळाच्या रंगाचं प्रकरण वेगळं आहे, आणि तिथे तुमची काळजी पापण्यांच्या काळजीपेक्षा जास्त रास्त आहे. आपल्याकडे बहुतेकांचे डोळे एकसारखे गडद तपकिरी असतात. त्यांच्यात फरक पडला तरी क्वचितच कोणाच्या लक्षात येतो, म्हणून बरेच डॉक्टर याबद्दल बोलतच नाहीत. पण घारे डोळे, म्हणजे हिरवट किंवा राखाडी बुबुळ आणि त्यात तपकिरी छटा मिसळलेली, यांच्यात हा बदल सगळ्यात जास्त दिसतो. मधल्या काळ्या बाहुलीभोवती जी तपकिरी कडा असते ती हळूहळू बाहेरच्या बाजूला पसरते. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींची संख्या वाढत नाही, त्याच पेशी जास्त रंग बनवतात, त्यामुळे याचा कॅन्सरशी संबंध जोडू नका. बुबुळावर आधीपासून असलेले तीळसुद्धा बदलत नाहीत. नवीन तीळ किंवा डाग उठलेला दिसला तर मात्र दाखवा.

बदल सुरू होतो तो बहुतेकांत पहिल्या आठ महिन्यांत, क्वचित दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. तुम्ही औषध अर्धंमुर्धं घातलंय, त्यामुळे सव्वा वर्ष झालं म्हणून सुटलो असं धरू नका. घरच्या घरी बघायचं असेल तर सकाळी खिडकीकडे तोंड करून, फ्लॅश न लावता, दोन्ही डोळे एकाच फोटोत येतील असा फोटो मुलीला काढायला सांगा आणि दोन-तीन वर्षांपूर्वीच्या, दिवसाच्या उजेडातल्या फोटोशी ताडून बघा. ट्यूबलाइटखाली फसगत होते. बाहुलीभोवतीची तपकिरी कडा उजवीकडे डावीपेक्षा रुंद झाली असेल तर बदल सुरू झालाय.

आणि तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: नाही, थेंब बंद केले तरी झालेला रंग परत फिका होत नाही. बंद केल्यावर तो आणखी वाढत नाही, एवढंच. पापण्या परततात, बुबुळ परतत नाही. त्याने नजरेला किंवा डोळ्याला अपाय होतो असं पाच वर्षांच्या पाहणीत दिसलेलं नाही, म्हणजे प्रश्न दिसण्याचाच आहे. पण दिसण्याचा प्रश्न क्षुल्लक असं मी म्हणणार नाही. एक डोळा घारा आणि एक तपकिरी हे ज्याला जन्मभर मिरवायचं आहे, त्याला आधी विचारायला हवं होतं. एका डोळ्यात औषध सुरू करताना घाऱ्या डोळ्यांच्या माणसाला हे तोंडी सांगणं डॉक्टरांचं काम आहे, कागदावर सोडायचं नव्हे.

त्यामुळे हा बदल तुम्हाला चालणार नसेल तर रात्री वगळत बसण्यापेक्षा औषधच बदला. पर्याय आहेत. टिमोलॉल पापण्या वाढवत नाही आणि रंगही बदलत नाही, पण दमा असेल किंवा नाडी मंद असेल तर ते चालत नाही. थेंब डोळ्यात घातला तरी औषध रक्तात जातं, म्हणून ही माहिती डॉक्टरांनी विचारली नाही तरी सांगा. डॉर्झोलामाइड, ब्रिमोनिडीन यांनीही ते होत नाही, पण दिवसातून दोन-तीनदा घालावी लागतात. जिला एक रात्रीचा थेंब जड जातोय तिला ते किती जमेल, हे तुमचं तुम्ही ठरवा. तुमच्या बाबतीत मी डॉक्टरांकडे एसएलटी लेझरचा विषय काढेन. ओपीडीतच काही मिनिटांत होतं, मुख्य वाट थोडी मोकळी करतं, पापणीला आणि बुबुळाच्या रंगाला हात लावत नाही. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत, जिचे निकाल २०१९ मध्ये आले, लेझरने सुरुवात केलेल्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांना तीन वर्षांनीही थेंब लागले नव्हते. परिणाम कायमचा नसतो, काही वर्षांनी ओसरू शकतो, आणि तुमच्या काचबिंदूचा प्रकार त्याला योग्य आहे का हे डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर पडतं तो कोन तपासूनच ठरतं. तोपर्यंत मात्र थेंब रोज. ‘लेझर करायचंच आहे’ म्हणून मधले दोन महिने मोकळे सोडू नका. आणि सारखं दिसावं म्हणून डाव्या डोळ्यात स्वतःहून थेंब घालू नका, हेही सांगून ठेवते. हे करणारे भेटलेत.

विसरण्याचं बघू. ‘झोपताना’ हा शब्द लोक फार शब्दशः घेतात. संध्याकाळी किंवा रात्री घालायचं कारण एवढंच की औषधाचा जोर आठ ते बारा तासांनी येतो, म्हणजे पहाटे-सकाळी, आणि पुष्कळांचं प्रेशर त्याच सुमाराला चढलेलं असतं. शिवाय थेंबाने आलेली लाली झोपेत ओसरते. रात्री घातल्यावर परिणाम सकाळपेक्षा थोडा जास्त मिळतो, पण सकाळी घातलेला रोजचा थेंब रात्री निम्मेच पडणाऱ्या थेंबांपेक्षा कधीही चांगला. तुमची शाळा दुपारची. संध्याकाळची ट्रेनची गर्दी, स्वयंपाक, वह्या, आणि मग सोफ्यावरच डोळा लागतो. अशा माणसाला अंथरुणावर पडताना थेंब आठवणार कसा? एकतर रात्री जेवणाची ताटं घेण्याआधी, आठ-साडेआठला घाला. किंवा डॉक्टरांना विचारून कायमचा सकाळी, आंघोळीआधी दहा मिनिटं, घालायला सुरुवात करा. तुमच्यासाठी मला सकाळ जास्त पटते, कारण लगेच तोंड धुतलं जातं आणि पापणीवर औषध साचत नाही.

आणि एखादी रात्र राहिलीच तर ती सोडून द्या. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला एकच थेंब. सकाळी भरपाई करून रात्री पुन्हा घातला तर २४ तासांत दोन डोस होतात, आणि लॅटानोप्रॉस्टची गंमत अशी की दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा घातलं तर प्रेशर कमी उतरतं, जास्त नाही. एखाद्या चुकलेल्या थेंबाने नस जात नाही, परिणाम थोडा रेंगाळतो हे वर सांगितलंच. त्रास होतो तो आठवड्याला तीन, महिन्याला बारा-पंधरा असे चुकत, साचत गेलेल्या थेंबांनी. गणपतीत गावी पाच-सात दिवस बाटली घरीच राहिली, हीसुद्धा दरवर्षीची तक्रार आहे. बॅग भरताना औषधं कपड्यांबरोबर नाही, तिकिटांबरोबर ठेवा.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही सहज लिहिलंत, ‘बाटली तीन महिने पुरते’. अडीच मिलीच्या बाटलीत साधारण ८० थेंब असतात. एका डोळ्यात रोज एक घातला तरी ती अडीच महिन्यांच्या पुढे जाते, त्यामुळे बाटली उरते यावरून थेंब चुकल्याचं कळतही नाही. पण उघडलेली बाटली चार ते सहा आठवड्यांत टाकायची असते, तुमच्या बाटलीच्या कागदावर नेमकं किती लिहिलंय ते बघा. नंतर त्यात जंतू वाढण्याचा धोका असतो, आणि उष्णता व उजेडाने हे औषध क्षीण होत जातं. न उघडलेली बाटली बहुतेक कंपन्या २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजमध्ये ठेवायला सांगतात. उघडल्यावर २५ अंशांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं, पण मुंबईत पंख्याखालचं तापमान २५ असतं ते जानेवारीतल्या एखाद्या पहाटे. म्हणून उघडलेली बाटलीही फ्रिजच्या दारातच ठेवा, फ्रीझरमध्ये नको. काही ब्रँड फ्रिजशिवाय चालणारे असतात, ते खोक्यावर लिहिलेलं असतं. प्रवासाच्या दोन-चार दिवसांत बाटली पर्समध्ये राहिली तर बिघडत नाही, फक्त उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. बाटली फोडलीत त्या दिवशीची तारीख लेबलवर बॉलपेनने लिहा. थेंब शिल्लक असताना बाटली फेकायला जीवावर येतं, मला माहीत आहे. खर्च जड जात असेल तर डॉक्टरांना जेनेरिक लिहून द्यायला सांगा.

इतर वाचकांपैकी कोणी हे औषध घालत असेल तर तीन गोष्टी. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सरळ रेषा वाकड्या दिसायला लागल्या किंवा मधलं धूसर झालं, तर हे औषध चालू असल्याचं सांगून लगेच दाखवा, क्वचित पडद्याला सूज येते. डोळ्याला पूर्वी हर्पिस विषाणूचा संसर्ग झाला असेल किंवा आतून सूज येण्याचा त्रास असेल, तर आधीच सांगा. आणि गरोदरपण ठरवत असाल तर औषध चालू ठेवण्यापूर्वी विचारा. सुरुवातीची हलकी लाली आणि चुरचुर काही आठवड्यांत कमी होते. दुखणं, उजेड सहन न होणं किंवा नजर अचानक कमी होणं यासाठी मात्र तारखेची वाट बघायची नसते, त्याच दिवशी जायचं.

ताई, काचबिंदू घराण्यात येतो. भावंडांना तर सांगाच, पण लग्नाच्या खरेदीसाठी मुलीला घेऊन फिरताय, त्यातला एक तास काढून तिचंही प्रेशर आणि डोळ्याची नस तपासून घ्या. नुसता चष्म्याचा नंबर काढून ते कळत नाही, ‘आईला काचबिंदू आहे’ असं सांगून बाहुली मोठी करून बघायला सांगा. त्याच फेरीत तुमची चिठ्ठीही फाइलला लावून टाका.